किरकोळ विभागातली नायिका

समस्त नाट्यरसिक मायबापांस अत्यंत गांभीर्यपूर्वक व जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मुक्काम भोर येथील एक नायिका हरवली आहे. वर्ण सावळा, बांधा सडपातळ, उंची दारातून वाकून जावं लागेल इतकी, दाढी रोजच्या रोज तासलेली. अंगावर हिरवं नऊवारी लुगडं व त्याखाली नाटक मंडळीच्या मालकांच्या धाकट्या भावाची अर्धी चड्डी. शेवटची दिसली ती मुंबईच्या एका ग्रामोफोन कंपनीच्या कॅटलॉगात, अगदी मागच्या पानांवर. तिच्या एका अंगाला पशुपक्ष्यांचे आवाज होते आणि दुसऱ्या अंगाला लग्नाचा बँड. शोधून देणाऱ्यास इनाम नाही. कारण ज्यांना तिला शोधायचं होतं त्यांनी शोधलं, आणि ती त्यांना सापडली नाही.

ही जाहिरात द्यायला मला फार उशीर झाला आहे. पण जाहिरातींनीच सगळा घोटाळा केला, म्हणून सुरुवात जाहिरातीनं केली.

तीसच्या पुढच्या सालांत मी भोरला दोन धंदे करत होतो. दिवसा राजवाड्याच्या खालच्या अंगाला एका दुकानात बसायचो. तिथं आम्ही घड्याळं, कंदील, ग्रामोफोन आणि त्याच्या तबकड्या विकायचो. नाटकाचा प्रयोग असला की मी आमच्या नाटक मंडळीचा प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत उभं राहून सगळ्यांची भाषणं सगळ्यांच्या आधी म्हणायची आणि टाळी एकही घ्यायची नाही. मला ते काम फार आवडायचं. राजा अडखळला की त्याचं राज्य माझ्या हातात असायचं. एकदा एका खलनायकानं माझी सुपारी उधार खाऊन परत केली नव्हती, तेव्हा मी त्याला भर दरबारात थोडा वेळ तसाच तोंड उघडं ठेवून उभा केला होता. लोकांना तो अभिनय वाटला.

मंडळीच्या मालकांचं तांब्यापितळेचं दुकान होतं. भांड्यावर ठोके घालून घालून त्यांचा आवाजही तसाच झाला होता. माणूस उदार, हौशी, रडका आणि हट्टी. नाटकापेक्षा त्यांचा जीव नाटकाच्या हँडबिलात. हँडबिल ते स्वतः लिहायचे आणि त्या बाबतीत त्यांचं एक शास्त्र होतं.

"हँडबिल म्हंजे पदर," ते म्हणायचे. "पुरता ढळला की तिकीट गेलं."

म्हणून आमच्या हँडबिलावर कुठलीच गोष्ट सरळ सांगितलेली नसायची. नाटककाराच्या जागी 'एक रसिक'. हा रसिक म्हणजे आमच्या शाळेतले एक मास्तर. संस्थानच्या नोकरीत असल्यामुळे त्यांना स्वतःच्या नावाची भीती वाटायची. भाषेच्या जागी 'अस्सल मावळी ठसका'. वेळेच्या जागी 'पाच तास अखंड करमणूक'. तारखेच्या जागी 'ऐन वेळी जाहीर होईल', कारण बत्त्या भाड्यानं मिळतील की एखादं लग्न त्या पळवील हे ऐन वेळीच कळायचं. आणि नायिकेच्या जागी नुसतं एक ठळक प्रश्नचिन्ह. त्याखाली : 'कोण? स्वतः येऊन ओळखा पाहू!'

आणि लोक यायचे हो. किकवीहून, वरव्याहून, नसरापूरहून बैलगाड्या भरभरून यायचे. नायिका बाई की बाप्या यावर गाड्यांतच भांडणं जुंपायची. बायकांच्या बाजूनं दर खेळाला एक तरी आवाज यायचा, "येवढं रडनं बाप्याला जमतंय व्हय? बाईच हाय ती, गरती बाई हाय!" मालक पडद्याच्या भोकातून ते ऐकायचे आणि माझा दंड दाबून म्हणायचे, "बघ. प्रश्नचिन्हाला चारशे नारळ वाहिले तरी फिटणार नाही."

ही गरती बाई वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यात जन्मली होती. लहानपण शेळ्यांमागं गेलं. दरीच्या अल्याड उभं राहून पल्याडच्या चुकार शेळीला हाक मारायची, ती सुद्धा अशी की शेळीनं वळून बघितलंच पाहिजे. तो आवाज मालकांनी एका जत्रेत ऐकला आणि उचलून भोरला आणला. घरच्यांनी पोरगं लुगडं नेसतंय हे कळल्यावर त्याचं नाव टाकलं. मंडळीत त्याला सगळे 'बाई' म्हणत. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. उलट रोजच्या चहाला बसला की म्हणायचा, "बाईमानसाला आदी द्या."

मास्तरांचं नाटक साधं होतं. सासरनं घराबाहेर काढलेली डोंगरातली सून कचेरीत उभी राहते आणि स्वतःची फिर्याद स्वतः सांगते. बाकीची पात्रं पुस्तकी बोलायची. एकटी सून आपल्या डोंगरी बोलीत बोलायची. ती फिर्याद सुरू झाली की मी वही मिटायचो. बाईला प्रॉम्प्टर लागत नसे. मी विंगेत उभा राहून इतर लोकांसारखाच नाक पुसायचो.

त्याच फिर्यादीत एका हिवाळ्यात बाईचा आवाज फाटला. लोकांना वाटलं रडण्यानं फाटला. विंगेत येऊन तो थुंकला तेव्हा मी रक्त बघितलं. पुण्याच्या डॉक्टरनं घशात आरसा घालून पाहिलं आणि मालकांना बाजूला घेऊन सांगितलं की, आत गाठ आहे, आवाज जाणार, आणि पुढचं काही सांगवत नाही. मालक दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता.

त्याच सुमारास ग्रामोफोन कंपनीचा माणूस आमच्या दुकानात येऊन गेला. त्या दिवसांत कंपन्यांनी नाटकंच्या नाटकं तबकड्यांवर काढायला घेतली होती. पाच-सहा तबकड्यांचा संच, एका पेटीत. त्याला नवी नाटकं हवी होती. मी आमचं नाटक सुचवलं. त्यानं खेळ पाहिला आणि 'घेऊ' म्हणाला.

बाई त्या दिवसापासून दुकानात येऊन बसायला लागला. मला म्हणायचा, "भाऊ, त्ये जुनं गाणं लावा की. नाववालं." आमच्याकडे काही जुन्या तबकड्या होत्या, भोंग्यासमोर ओरडून गायच्या काळातल्या. त्यात गाणं संपलं की गाणारीण घाईघाईनं स्वतःचं नाव ओरडायची. तशी रीतच होती. मेणावरचे ठसे परमुलखातल्या कारखान्यात जायचे. तिथल्या लोकांना कुठला आवाज कोणाचा हे कळावं म्हणून नाव आवाजातच घालून ठेवायचे. पुढं लेबलं नीट छापायला लागले, कागदपत्रं नीट जायला लागली आणि ती रीत बंद पडली. बाईला मात्र सगळ्या गाण्यात तेवढंच गाणं आवडायचं. मान तिरकी करून ऐकायचा.

"मेली आसंल न्हवं ही?" त्यानं एकदा विचारलं.

"असेल. फार जुनी तबकडी आहे."

"पर नाव सांगतीया बगा अजून," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाऊ, मला दुसरं काय बी नगं. आवाज ऱ्हाईल त्यावर नाव ऱ्हावं. माज्या आयनं कुटं ऐकलं, तर तिला कळावं का ह्यो आपला हाय."

एवढीच त्याची मागणी होती. मला ती फार किरकोळ वाटली. तबकडीवर नाव छापणं हे काय अवघड आहे?

कंपनीकडून माहितीचा एक कागद आला. नाटकाचं नाव, नाटककार, कलावंत आणि त्यांच्या भूमिका, भाषा, लांबी, प्रयोग केव्हा झाला. खाली मंडळीच्या चालकाची सही. मी रोज कॅटलॉग चाळणारा माणूस, मला त्या कागदाची किंमत माहीत होती. कॅटलॉग लावणारा कारकून नाटक बघत नाही, तबकडी ऐकत नाही. त्याच्यापुढं हा कागद असतो. त्यावरून तो आधी भाषा बघून विभाग ठरवतो, विभागात नाटकं वेगळी काढतो, आणि शेवटी नावांच्या सूचीत नाटककार आणि नट घालतो. गिऱ्हाईक उलट वाटेनं येतं. सोलापूरचा कोणी रसिक दुकानात शिरतो, त्याला नटाचं नाव आठवत असतं किंवा लेखकाचं. दुकानदार सूचीत बोट फिरवतो, पान उघडतो, क्रमांक सांगतो. बोट कुठं तरी टेकायला हवं. एवढीच ती युक्ती.

मालकांनी कागद पुढ्यात घेतला, बोरू बुडवला आणि पहिल्या ओळीत नाटकाचं नाव लिहिलं. तेवढी एक ओळ खरी झाली. पुढं त्यांच्यातला हँडबिलवाला जागा झाला.

"नाटककार : एक रसिक," ते लिहिता लिहिता म्हणाले.

"मालक, इथं मास्तरांचं नाव..."

कोपऱ्यातून मास्तर घाबरून ओरडले, "नको, नको! एक रसिकच बरा!"

"भाषा : अस्सल मावळी."

"मालक, मराठी लिहा."

"मराठी तर समदेच लिहितात रे. आपलं काय ते येगळं दिसायला नको?" मालक रंगात आले की त्यांची दुकानातली भाषा सुटायची. "लांबी : पाच तास."

"अहो, सहा तबकड्यांच्या बारा बाजू होणार. बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. चाळीस मिनिटंसुद्धा भरत नाहीत."

"नाटक पाच तासांचं आहे. मी खोटं लिहिणार नाही," मालक गंभीरपणे म्हणाले. "प्रयोगाची तारीख : ऐन वेळी जाहीर होईल."

"प्रयोग झालेला आहे, मालक! झालेल्याची विचारताहेत!"

"पुढचा बी होईल की."

मग कलावंतांची ओळ आली. सासरा म्हणून स्वतःचं नाव मालकांनी वळणदार काढलं. इतर काढले. नायिकेपाशी आले आणि एक सुरेख, पोट पुढं काढलेलं प्रश्नचिन्ह काढून त्यावर टिपकागद दाबला.

कोपऱ्यात बसलेला बाई उठून त्यांच्या मागं उभा राहिला. त्याला वाचता थोडंच यायचं, पण ते चिन्ह तो ओळखत होता.

"मालक, हितं माजं नाव ल्ह्या."

"अगं बाई, तुझं नाव लिहिलं की कोडं सुटलं. कोडं सुटल्यावर तबकडी कोण घेईल?"

"आन न्हाई लिवलं तर मला कोन घील?"

मालकांनी त्याचा हात हातात घेतला. "अरे, दुसरी खेप निघेल तेव्हा मोठ्या अक्षरात छापू. रहस्यस्फोट! सगळा मुलूख तोवर तुझंच नाव विचारत बसलेला असेल. माझं हँडबिल आजवर चुकलंय का सांग?"

ते चुकलं नव्हतं, हाच पेच होता. मी सांगून पाहिलं. म्हटलं, मालक, हँडबिल वाचलेला माणूस रात्री आपल्या मांडवात येतो आणि कोडं सोडवतो. कॅटलॉगवाल्या माणसाला आपला मांडव कुठं आहे तेच ठाऊक नसतं. त्याला वाटेत कोडं घातलं तर तो माघारी जातो. मालक म्हणाले, "तू विंगेतला माणूस. तुला पब्लिक काय कळणार?" आणि त्यांनी सही ठोकली.

रेकॉर्डिंग पुण्यात एका बंगल्याच्या दिवाणखान्यात झालं. भिंतींना घोंगड्या लावल्या होत्या. त्या बघून बाई म्हणाला, "घरी आल्यावानी वाटतंय." रेकॉर्ड करणारे साहेब मद्रासेकडचे, त्यांना मराठीचा गंध नव्हता. तांबडा दिवा लागला की बोलायचं, विझला की श्वास घ्यायचा. मधे कोणी खोकला तर ते मेणाचं ताट बाद. बोललेलं कसं उतरलं हे लगेच ऐकायची सोय नव्हती, कारण मऊ मेणावर सुई फिरवली की ठसाच बिघडतो. जे गेलं ते गेलं, छापून आल्यावरच ऐकायचं.

पाच तासांचं नाटक आम्ही असं सोललं की फक्त बी उरली. राजवाड्यातला विनोदी प्रवेश गेला, मालकांची दोन स्वगतं गेली. त्या स्वगतांसाठी मालकांनी दिवसभर सुतक पाळलं. फिर्याद मात्र पुरी ठेवली. शेवटच्या दोन बाजू तिच्याच.

बाई आदल्या दिवसापासून एक शब्द बोलला नव्हता. आवाज साठवत होता. दिवा लागला आणि त्यानं जे काही काढलं तसं मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. आवाज मधे मधे फाटत होता, आणि ज्या ज्या ठिकाणी फाटत होता त्या त्या ठिकाणी फिर्याद आणखी खरी होत होती. साहेबांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी चष्मा काढून ठेवला.

फिर्याद संपली. दिवा अजून तांबडाच. बाजूत थोडी जागा उरली होती. मी हातानं 'थांबा, गप्प राहा' अशी खूण केली. बाईनं माझ्याकडं बघितलं, मग मायक्रोफोनकडं, आणि मान तिरकी केली. मला एकदम ती जुनी गाणारीण आठवली. मालकांनाही आठवली असावी. कारण बाईनं तोंड उघडताच शेजारी सासरा म्हणून उभे असलेले मालक त्याच्यावर धावले. बाई चार-पाच शब्द बोलला, तोवर मालकांचा पंजा त्याच्या तोंडावर बसला. दिवा विझला.

साहेब आतून हसत आले. सुनेनं फिर्याद सांगितली, सासऱ्यानं तिचं तोंड दाबलं, असा शेवट त्यांना फार पसंत पडला. "व्हेरी स्ट्राँग फिनिश," म्हणाले. मालकांनी तोंडभर हसून मान डोलावली. बाईला दुसऱ्यांदा बोलायला लावणं शक्यच नव्हतं. तो खुर्चीत बसला होता आणि त्याच्या तोंडून नुसती हवा येत होती.

संच आला तेव्हा दुकानात सणासारखी गर्दी झाली. लेबलावर नाटकाचं नाव, भाग कितवा, मालकांचं नाव, इतरांची नावं. नायिका नव्हती. प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. मुंबईच्या कारकुनाला वाटलं असणार, या मंडळींनाच नाव पक्कं माहीत नाही. जे पक्कं नाही ते त्यानं रीतीप्रमाणे गाळलं. 'एक रसिक' हे नाव नव्हेच, म्हणून नाटककार गेला. तारीख अजून जाहीर व्हायची होती, म्हणून तारीख गेली.

पाठोपाठ कॅटलॉग आला. मी मराठी नाटकांचं पान काढलं. नाही. पुन्हा पाहिलं. नाही. नावांच्या सूचीत बघितलं, मालकांच्या नावापुढं क्रमांक होता, आणि मालकांचं नाव भोरच्या वेशीबाहेर कोणाला माहीत? क्रमांकावरून पान शोधत शोधत मी शेवटाकडं आलो. मावळी नावाचा विभाग कंपनीकडं नव्हता. ज्या भाषेला विभाग नाही तिचं सगळं 'किरकोळ' मधे. तिथं, कोंबडा-कुत्रा-मांजर यांच्या हुबेहूब आवाजांच्या खाली, आमचं नाटक होतं. पुढं लिहिलं होतं, 'पाच तास'. ते वाचून बाहेरच्या दुकानदारांनी हात जोडले असणार. पाच तासांचा संच म्हणजे पेट्याच पेट्या. कोण मागवतो?

मी मान वर केली तर बाई समोर उभा. "गावलं का नाव?" त्यानं विचारलं. तो आवाज आता कुजबुजीवर आला होता.

"अजून सगळी पानं बघितली नाहीत," मी म्हणालो.

दर बाजाराला तो वेल्ह्याच्या वाटेनं उतरून यायचा. घरच्यांनी त्याला आजारपणात परत घेतलं होतं, गोठ्याशेजारच्या छपरात. आला की दुकानाच्या फळीवर टेकायचा. पुढं पुढं विचारायचाही नाही, नुसत्या भुवया उचलायचा. मीही नुसती मान हलवायचो. दोन नाटकवाले, आणि प्रवेश असा मुका.

एकदा साताऱ्याकडचे एक वकील सर्व्हिस मोटारीनं आले. अंगावर धूळ, हातात काठी. म्हणाले, "तुमच्या मंडळीचा खेळ मी जत्रेत पाहिला होता. ती सुनेची फिर्याद! तबकड्या निघाल्यात असं कानावर आलं म्हणून मी पुण्यात सगळी दुकानं पालथी घातली. मराठी नाटकात बघितलं. लेखक विचारला तर मला माहीत नाही. ते काम करणाऱ्याचं नाव विचारलं तर तेही माहीत नाही. दुकानदार म्हणाले, असं काही निघालेलंच नाही. शेवटी म्हटलं, गावच गाठावं. कोण हो तो?"

मी फळीवर बसलेल्या बाईकडं बोट केलं. वकिलांनी काठी बाजूला ठेवली आणि वाकून नमस्कार केला. बाईला बोलायचं होतं. ओठ हलले, गळ्याची शीर हलली. मग त्यानं हसून स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला आणि तबकड्यांच्या पेटीकडं बोट दाखवलं. बोलायचं असेल तर तिला विचारा.

माझं त्या दिवशी धाडस झालं. मी कंपनीला पत्र टाकलं : भाषा मराठी, नाटककार अमुक मास्तर, नायिकेच्या भूमिकेत अमुक, लांबी अमुक, प्रयोग भोरला अमुक दिवशी. मास्तरांनाही मी विचारून घेतलं. ते म्हणाले, "लिहा. त्याचं जातंय ते माझ्यापेक्षा जास्त आहे." सही मालकांची लागणार होती. ती त्यांनी मुकाट्यानं केली. तोवर त्यांना सगळं कळून चुकलं होतं. ते दुकानासमोरून जायचं टाळायचे.

उत्तर सभ्य होतं. लेबलं छापून झाली आहेत. दुसरी खेप काढायची वेळ आली तर दुरुस्ती जरूर करू. दुसऱ्या खेपेला विक्री हवी, विक्रीला नाव हवं, नावाला दुसरी खेप हवी. मी ते पत्र बाईला वाचून दाखवलं. त्यानं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि कंपनीच्या शिक्क्यावर बोट ठेवून कौतुकानं मान हलवली. साहेबानं उत्तर दिलं, याचंच त्याला अप्रूप.

मग मी दौत काढली आणि दुकानातल्या संचांच्या लेबलांवर, जिथं थोडी कोरी जागा होती तिथं, त्याचं नाव बारीक अक्षरात लिहिलं. तो शेजारी बसून एकेका लेबलावर फुंकर मारत होता. फुंकर मात्र अजून चांगली येत होती. वकिलांनी एक संच नेला, आणखी एक-दोन गेले. बाकीचे कुठल्या कुठल्या दुकानांत निनावी पडून राहिले असतील.

तो पावसाळ्याआधीच गेला. निरोप घेऊन आलेल्या माणसानं मला सांगितलं, शेवटी शेवटी शेळ्यांना टाळ्या वाजवून बोलवायचा. मालक ऐकून दुकानाच्या मागल्या बाजूला गेले आणि भांड्यांवर ठोके घालत बसले. त्या दिवशी त्यांनी एक चांगला हंडा ठोकून ठोकून निकामी केला.

पुढं लढाई आली. तबकड्या लाखेच्या, आणि लाख मिळेना. नव्या तबकड्या हव्यात तर जुन्या मोडीत द्या, असं कंपन्या सांगायला लागल्या. ज्या खपत नव्हत्या त्या आधी गेल्या. पुढच्या कॅटलॉगातून आमचं नाटक 'किरकोळ' मधूनही उडालं. कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्यात आता त्याची लाख मिसळलेली असेल. ते गाणं कोणाचं, हे लेबलावर व्यवस्थित छापलेलं असेल.

तुम्ही म्हणाल, मग प्रॉम्प्टरबुवा, तुम्ही आता इथं का सांगत नाही त्याचं नाव? आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द सांगितलेत, एवढा एक शब्द सांगा की.

मीही सांगणारच होतो. हे लिहायला घेतलं तसं त्याचा थोरला भाऊ, पागोटं हातात घेऊन, माझ्या दारात आला. त्याला कुठून तरी कळलं होतं. पाणी प्याला आणि म्हणाला, "पावनं, दोन पोरी लग्नाच्या हायती. त्येनं लुगडं नेसल्यालं आमी कुनाला सांगितलं न्हाई. तुमी छापू नगा. हात जोडतो." मी विचारलं, आईनं कधी ऐकली का तबकडी? तो म्हणाला, "ती त्येच्या मागनं लगीच गेली. आन तिला कसं कळनार, कुनाची हाय?"

मी त्याला शब्द दिला. त्या घरातल्या मुलींनी काय गुन्हा केला होता?

माझ्यापाशी एक संच आहे. लेबलावरची माझी शाई उडत चालली आहे. नाव वाचायला ज्याला ते आधी माहीत आहे असाच माणूस लागतो. मालक अजून कधी कधी येतात, आता काठी टेकत. फिर्याद लावा म्हणतात. डोळे मिटून ऐकतात. शेवट जवळ आला की घाईघाईनं उठतात आणि सुईचा साउंडबॉक्स उचलायला हात पुढं करतात. "पुढं नुसती खरखर आहे," म्हणतात.

परवा त्यांचा हात पोचायच्या आत मी मधे उभा राहिलो. म्हातारे पुन्हा खाली बसले. सुई पुढं गेली. फिर्याद संपली, थोडी खरखर झाली, आणि मग त्या दिवाणखान्यात, घोंगड्यांच्या भिंतींमधे, पंजा तोंडावर बसायच्या आत तो जे बोलून गेला होता, ते खणखणीत ऐकू आलं :

"मालक, नाव तरी घिऊ द्या!"